नावावरची हळद

छबुबाईला अक्षर येत नव्हतं. आईबापाबरोबर ऊसतोडीच्या कोपीत, पाचटाच्या खोपटात तिचं बालपण गेलं, लग्नानंतर नवऱ्याबरोबर पुन्हा त्याच कोप्यांत तिचं तरुणपण गेलं, आणि शाळेची पायरी चढायची राहून गेली ती गेलीच. याचं तिला फार दुःख होतं असंही नाही. मोळी बांधण्यात तिचा हात धरणारी बाई आष्टीच्या पट्ट्यात सापडणं अवघड, बैल तिच्या आवाजाला मान वळवायचे, आणि भांडणात तर तिच्यापुढे मुकादमही दोन पावलं मागे सरायचा. अक्षरावाचून तिचं काही अडलं नव्हतं. अडलं ते पोरगी गेल्यावर.

स्वप्नाली तिची एकुलती एक. आश्रमशाळेत शिकायची. बापाला जेमतेम अक्षरं लावून वाचता यायचं, घरातली पहिली लिहिणारी हीच. दिवाळीच्या सुट्टीत आईबापाला भेटायला कारखान्यावर आली आणि उसाची ट्रॉली उलटली, तिच्याखाली ती सापडली. बारावीचं वर्ष होतं. गावात कुणी तिचं नाव काढलं नाही की छबुबाईला वाटायचं, लोक पोरीला विसरायला लागले. आणि कुणी काढलं की तिला ते सोसायचं नाही. आईच्या जिवाचं असंच असतं, त्याला काहीच धड वाटत नाही.

तिच्या अंगावर जुनं गोंदण होतं. कपाळावर ठिपका, हनुवटीवर तीन टिकल्या, मनगटावर भावाचं नाव. तिच्या लहानपणी गोंदणारीण दारात यायची, सुया काजळात बुडवून टोचायची आणि वरून हळद चोळायची. पोरी बोंब मारायच्या, आया त्यांचे हात घट्ट धरायच्या. "मेल्यावर एवढंच संगं येतं," असं छबुबाईची आई म्हणायची. पोरगी गेल्यानंतरच्या श्रावणात एका दिवशी, खुरपणी करता करता, छबुबाई खुरपं खाली टाकून नवऱ्याला म्हणाली, "अवं, मला पोरीचं नाव गोंदायचंय. हातावर."

नवरा गहिनीनाथ मुलखाचा अबोल. त्याने नुसती मान हलवली. दुसऱ्याच बाजाराला तिला मोटारसायकलवर बसवून त्याने आष्टीला नेलं.

आष्टीत रईसचं टॅटूचं दुकान होतं. शेजारी त्याचे वडील जलालुद्दीन सायकली दुरुस्त करायचे. पोराचा हा धंदा त्यांना मनापासून पसंत नव्हता, त्यांच्या घरात कुणी अंगावर टोचून घेत नाही. पण गिऱ्हाईक म्हणून म्हातारी बाई दिसली की आपल्या दुकानातलं स्टूल ते स्वतः उचलून आणून द्यायचे. त्या दिवशीही त्यांनी दिलं.

रईसने गहिनीनाथकडून नाव विचारून घेतलं, कागदावर काढून दाखवलं. छबुबाईने कागद उलटा धरला होता, तो त्याने हळूच सुलटा केला. मग नवी सुई तिच्यासमोर पाकीट फोडून काढली, हातमोजे चढवले आणि डाव्या हाताच्या आतल्या अंगाला, कोपराखाली, नाव गोंदायला घेतलं. मशीन गुणगुणत होती आणि छबुबाई डोळे मिटून बसली होती. ती रडली नाही. गहिनीनाथच बाहेर जाऊन उभा राहिला.

झाल्यावर रईस म्हणाला, "मावशी, ही आता ताजी जखम हाय. साध्या साबणानं हलक्या हातानं धुवायचं, स्वच्छ फडक्यानं टिपायचं, चोळायचं न्हाई. हे बिनवासाचं मलम बोटाच्या टोकावर घेऊन अगदी पातळ लावायचं. हळद न्हाई, खोबरेल न्हाई, पावडर न्हाई, मेडिकलमधली खाजेची ट्यूब तर अजिबात न्हाई. उन्हात धरायचा न्हाई, शेणामातीत घालायचा न्हाई, नदीत बुडवायचा न्हाई. दोन-तीन दिवस लाल राहील, ठणकंल, पाणी सुटंल. मग खपली धरंल अन् आपोआप पडंल. नखानं काढायची न्हाई."

"हळद न्हाई?" छबुबाईने विचारलं. बाकीचं तिने ऐकलं की नाही कोण जाणे, तेवढं मात्र ऐकलं.

"न्हाई मावशी. हळदीनं रंग बिघडतो, कातडं चिडतं."

छबुबाईने मनगटावरच्या भावाच्या नावाकडे पाहिलं. त्याच्यावर हळदच चोळली होती आणि चाळीस पावसाळे ते हाललं नव्हतं. पण पोरगं चांगलं होतं, म्हणून ती काही बोलली नाही. ती अशीच होती. पटलं नाही तर तिथे भांडायची नाही, घरी येऊन आपलंच करायची.

पहिले दिवस तिने सगळं सांगितल्यासारखं केलं. हात सुजल्यासारखा वाटला, मग सूज उतरली. लाली ओसरली. रोज सकाळी ती न्हाणीत बसून नाव धुवायची, आणि धुता धुता बघायची. अक्षर वाचता येत नसलं तरी तिला एकेक रेघ पाठ झाली. पहिल्यांदा दोन अक्षरं एकमेकांत अडकलेली, मधे एक तशीच जोडगोळी, मग एक काठी, एक गोलसर अक्षर, आणि शेवटी एक उभी रेघ, डोक्यावरून वळण घेतलेली. त्या रेघेवर तिचा जीव जास्त होता. स्वप्नाली वेणीची शेपटी खांद्यावरून अशीच पुढे ओढून बसायची.

मग खाज सुटली, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी धुताना तिच्या ओल्या बोटाला काहीतरी चिकटलं. कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा. उजेडात धरून पाहिला तर त्यात काळी रेघ होती. तिने हाताकडे पाहिलं. नावावर सगळीकडे पांढुरके पोपडे सुटले होते आणि त्यांच्याखाली अक्षरं फिकट, धुरकट, दुधातून बघितल्यासारखी दिसत होती.

छबुबाई न्हाणीतच मटकन बसली.

आता यात काही वावगं नव्हतं. हात छान भरत होता. वरचं मेलेलं कातडं थोडा रंग घेऊन गळतं, खालच्या थरात बसलेला रंग तिथेच असतो, आणि नवं कातडं काही दिवस धुरकट दिसून मग निवळतं. कुठे ठणका नव्हता, लाली नव्हती. पण रईस खपली म्हणाला होता, आणि छबुबाईच्या लेखी खपली म्हणजे गुडघा फुटल्यावर धरते ती, जाड, तांबडी. नावच्या नाव पापुद्र्यातून निघून येतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. रईसकडे येणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी हे सगळं मोबाईलवर पाहिलेलं असतं, त्यांना सांगावं लागत नाही, म्हणून त्याच्या तोंडून ते राहून गेलं होतं. तिला एवढंच कळलं की पोरगी दुसऱ्यांदा चाललीय, आणि या वेळेला तिच्या डोळ्यांदेखत चाललीय.

तिने तो पापुद्रा टाकला नाही. पदराच्या टोकात बांधला.

संध्याकाळी खांदमळणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना धुऊन, गरम पाण्याने शेकून, त्यांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात. वर्षभर जू घासून तिथलं कातडं फाटलेलं, दगडासारखं झालेलं असतं. छबुबाईने सकाळीच लोणी काढून ठेवलं होतं. गहिनीनाथने पळसाच्या पानाने ते दोन्ही बैलांच्या खांद्याला लावलं, उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं आणि तो वैरण आणायला मागे गेला. वाटीत थोडं उरलं होतं. छबुबाई बैलाच्या खांद्याकडे बघत उभी राहिली. गेल्या गळीत हंगामात हाच खांदा फुटून रक्त येत होतं, आणि ह्याच हळद-लोण्याने तो भरून आला होता. तिने स्वतः पाहिलं होतं.

"मुक्या जनावराला धरून ठिवतंय, तर माझ्या पोरीला कावून धरणार न्हाई?" असं ती बैलालाच म्हणाली, आणि वाटीतलं उरलेलं सगळं नावावर थापलं. ज्या बोटांनी बैल धुतला होता त्याच बोटांनी. वरून जुन्या लुगड्याची चिंधी करकचून बांधली, की आता एकही रेघ निसटायची नाही.

तिला हसू नये. आपण सगळेच अशी चिंधी कुठे ना कुठे बांधत असतो.

पोळा पार पडला. पुरणाच्या धुरात, बैलांच्या मिरवणुकीत हात चुरचुरत होता, तो तिने कुणाला दाखवला नाही. रात्री चिंधी सोडली तर खाली ओलं, पांढरं, फुगलेलं कातडं. हळदीने नाव पिवळं दिसत होतं. तिने पुन्हा बांधलं. दुसऱ्या दिवशी कोपराखालचा भाग तापला आणि ठणका लागला. ती पदराआडून हात चोळते एवढंच पाहून, खाज आली असेल म्हणून गहिनीनाथने गावातल्या दुकानातून गजकर्णाची ट्यूब आणून दिली, तीच ती, जिच्याबद्दल रईसने बजावलं होतं. पण ते बजावताना हा बाहेर उभा होता. ट्यूब लावल्यावर लाली एकदम बसली. तिला बरं वाटलं, तिने सांगितलं म्हणून त्यालाही. ते औषध वरची आग तेवढी विझवतं आणि आत चिघळायला रान मोकळं करतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

दोन दिवसांनी लाली दुप्पट होऊन वर आली. आता ती नावापुरती राहिली नव्हती, मनगटाकडे आणि कोपराकडे पसरत होती. शेवटच्या अक्षरावर मधासारखी पिवळी, जाड खपली धरली आणि तिच्या कडेने पू यायला लागला, वास मारायला लागला. काखेत अवधान आलं, गाठ सुजली. रानात काटा मोडला की अवधान येतंच, त्यामुळे छबुबाईने त्याला भीक घातली नाही. पण हुडहुडी भरली तेव्हा मात्र तिला कळलं की हे वेगळं आहे.

कळलं, आणि तरी तिने लपवलं. ही तिच्या हट्टाची नाही, तिच्या भीतीची गोष्ट आहे. दवाखान्यात नेलं तर ते खपली खरवडतील, घासून धुतील, आणि खपलीखाली जे काही पोरीचं उरलंय ते कापसाच्या बोळ्याबरोबर कचऱ्यात जाईल. ती लांब बाह्यांचा नवऱ्याचा शर्ट चढवून खुरपायला जायची आणि बांधावर बसून कुडकुडायची.

गहिनीनाथने तिचा हात पाहिला तो ती भाकरी थापता थापता भिंतीला टेकली तेव्हा. बाही वर केली. कोपरापासून काखेकडे एक लाल रेघ वर चढत निघाली होती.

तव्यावरची भाकरी तशीच टाकून त्याने मोटारसायकल काढली आणि तिला पदराने स्वतःच्या कमरेला बांधून आष्टी गाठली. सवयीने, की दुसरं काही सुचलं नाही म्हणून, तो आधी रईसच्या दुकानापुढे थांबला.

रईस एका पोराच्या दंडावर काम करत होता. छबुबाईचा हात पाहिला आणि त्याने मशीन बंद केली. "काय लावलं मावशी?"

"हळद-लोणी," ती म्हणाली. "नाव गळत होतं, बाबा. तुझा रंग कच्चा निघाला."

"गळत न्हवतं, मावशी!" रईसचा आवाज चिरकला. "ते वरचं कातडं होतं. साप कात टाकतो तसं. नाव खाली बसलेलं असतंय." मग त्याने आवाज खाली आणला. "हे मी सांगायला पायजे होतं," असं म्हणून त्याने हातमोजे काढून फेकले. "चला. ती लाल रेघ वर चाललीय, हे माझं काम न्हाई, डॉक्टरचं हाय." जलालुद्दीनचाचांनी रिक्षा थांबवली आणि पोराच्या दुकानाचं शटर स्वतः ओढलं.

दवाखान्यात डॉक्टर ऋतुजा होत्या. तरुण, झोपेला मुकलेल्या, पण आवाजात घाई नव्हती. त्यांनी ताप पाहिला, काख चाचपली आणि निळ्या पेनने लालीच्या कडेकडेने हातावर रेघ ओढली. "ही लाली या रेघेबाहेर जाते का ते आपण बघत राहायचं," त्या म्हणाल्या. "शिरेतून औषध सुरू करते, धनुर्वाताचं इंजेक्शन देते. आणि ही खपली भिजवून काढावी लागेल. खाली पू कोंडलाय."

छबुबाईने हात छातीशी ओढून घेतला. "न्हाई."

"आजी, विष अंगात चढतंय."

"चढू द्या. खपली काढायची न्हाई. तिच्याखाली माझी पोरगी हाय."

डॉक्टरांना कळेना. रईसने खालच्या आवाजात त्यांना सांगितलं. त्यांनी क्षणभर हातातला बोळा खाली ठेवला, मग छबुबाईशेजारी खाटेवर बसल्या. "पापुद्रे सुटत होते, तेव्हा तुमचा हात बरा होत होता. त्यातून नाव गेलं नसतं. आता हे पिवळं आहे, ते मात्र खातंय. जितका वेळ ठेवू तितकं जास्त खाईल, कातडंही आणि रंगही. काढल्यावर सगळं नाव राहील असं मी खोटं सांगणार नाही. जिथे पू झालाय तिथलं काही जाईल."

छबुबाईने मान हलवली. नाही म्हणजे नाही.

तेव्हा गहिनीनाथ बोलला. पोरगी गेल्यापासून त्याने एवढं सलग बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. "छबे, ट्रॉली उलटली तवा मी पुढं आपल्या बैलगाडीपशी होतो. मला पळत यायला जमलं न्हाई. आता मी हितं हाय, तुझ्या उशापशी, अन् तू मला हात लावू देईना. नाव ऱ्हाईल, न्हाई ऱ्हाईल. पोरीची माय तरी ऱ्हाऊ दे मला." आणि तो रडायला लागला, भर दवाखान्यात, बापईगड्यासारखा गडी, फेटा तोंडावर धरून.

छबुबाई त्याच्याकडे बघत राहिली. आजवर तिला वाटत होतं, दुःख आपल्या एकटीचं आहे. मग तिने हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "करा," ती म्हणाली.

ती दवाखान्यात राहिली. पहिल्या दिवशी लाली निळ्या रेघेच्या जराशी बाहेर गेली, मग थांबली, मग माघारी फिरली. ताप उतरला. अवधान विरघळलं. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या पूर्ण संपवायला सांगितल्या, बरं वाटलं म्हणून मधे सोडायच्या नाहीत म्हणून बजावलं. पुढे कितीतरी दिवस गहिनीनाथ स्वतः तिचा हात धुवायचा. साधा साबण, साधं पाणी, फडक्याने टिपणं. तिने बघायचं टाळलं होतं. तो हात धुवायचा तेव्हा ती गोठ्याकडे तोंड करून बसायची.

दसऱ्याच्या सुमाराला कातडं निवळलं. टोळी कारखान्याला निघायच्या आधी एकदा दाखवून यावं म्हणून दोघं रईसकडे गेले. चाचांनी स्टूल दिलं. रईसने हात उजेडात धरला आणि त्याचा चेहरा पडला, पण त्याने लगेच सावरला.

"वाचा," छबुबाई नवऱ्याला म्हणाली. "आज वाचा. काय लिहिलंय?"

गहिनीनाथने हाताकडे पाहिलं, रईसकडे पाहिलं. "स्वप्नाली," तो म्हणाला. "सगळं हाय गं. चांगलं हाय."

छबुबाईने तेव्हा पहिल्यांदा खाली पाहिलं. उजव्या हाताचं बोट तिने सुरुवातीच्या जोडाक्षरावर ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं. अडकलेली दोन अक्षरं. मधली जोडगोळी. काठी. शेवटच्या अक्षराच्या पुढे बोट थांबलं. तिथे कातडं गुळगुळीत, गुलाबी, चकाकतं होतं.

"मी रोज धुतलंय हे," ती म्हणाली. "हितं एक उभी रेघ होती. डोक्यावरून वळलेली. ती कुठं हाय?"

शेजारी चाचांचा हातोडा थांबला.

"खोटं बोलू नका मला. आता काय वाचतंय?"

गहिनीनाथने तिचा हात पुन्हा उजेडात धरला. "स्वप्नाल," तो म्हणाला. "फक्त शेवटची वेलांटी गेलीय."

"मावशी," रईस घाईने पुढे झाला, "चार-सहा महिन्यांनी कातडं पक्कं झालं की मी ती रेघ पुन्हा ओढतो. जागा चट्ट्याची हाय, जरा पसरंल, पण हुईल. मी करून देतो."

छबुबाईने त्या गुलाबी जागेवरून एकदा बोट फिरवलं. मग तिने बाही खाली केली.

"नको, बाबा," ती म्हणाली. "पोरगीच आमची पुरी झाली न्हाई. नाव कुठून पुरं करायचं?"